ट्रान्सक्रिप्टवरून इतिवृत्त लिहिताना निर्णय कसे शोधावेत

प्रश्न : आमच्या समितीच्या बैठकीचे रेकॉर्डिंग होते. त्याचे ट्रान्सक्रिप्ट पंचवीस पानांचे येते आणि त्यात निम्म्या गप्पा असतात. मी ते कापत कापत आठ पानांवर आणते, तरी अध्यक्ष म्हणतात की नेमके ठरले काय तेच कळत नाही. आणखी कापले तर महत्त्वाचे काही जाईल अशी भीती वाटते. काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे कसे ठरवता?

उत्तर : तुमचे कापणे कमी पडत नसून तुम्ही सुरुवात चुकीच्या टोकाकडून करत आहात, असे मला वाटते. ट्रान्सक्रिप्ट कितीही आटवले तरी त्यातून संक्षिप्त संभाषणच हाती येते आणि इतिवृत्त म्हणजे संक्षिप्त संभाषण नव्हे. संभाषण ज्या क्रमाने झाले त्या क्रमाने ते कागदावर राहते, पण इतिवृत्ताचा वाचक त्या क्रमाने काही शोधत नाही. त्याला एखाद्या विषयावर शेवटी काय ठरले, ते कोणी करायचे आणि केव्हापर्यंत करायचे, एवढेच हवे असते. तुमच्या आठ पानांत ही उत्तरे बहुधा आहेत, पण ती तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या पानावर विखुरलेली असणार आणि त्यांतली एखादी दुसरीला छेद देणारीही असणार.

हे दोन वेगळे दस्तऐवज आहेत, हे ब्रिटिश संसदेच्या प्रथेत स्वच्छ दिसते. तिथे सदस्यांच्या भाषणांचा वृत्तांत ‘हॅन्सार्ड’ म्हणून निघतो. १९०७ साली एका समितीने त्याची जी व्याख्या केली तिचा आशय असा, की पुनरुक्ती व फापटपसारा गाळावा, उघड चुका दुरुस्त कराव्यात, पण बोलण्याच्या अर्थात किंवा युक्तिवादात भर घालणारे काहीही सोडू नये. तुम्ही आठ पानांत जे करता ते जवळजवळ हेच आहे, आणि त्या कामासाठी ते योग्यही आहे. पण कॉमन्स सभागृहाने काय केले, कोणता प्रस्ताव संमत झाला आणि कोणता फेटाळला, याची अधिकृत नोंद ‘व्होट्स अँड प्रोसीडिंग्ज’ नावाच्या वेगळ्याच दस्तऐवजात होते आणि त्यात भाषणे नसतात. तुमच्या अध्यक्षांना हा दुसरा दस्तऐवज हवा आहे.

पुढचे सारे काही अंशी परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधीच सांगते. तुमच्या समितीला एखादा कायदा किंवा घटना लागू असेल, तर उपस्थिती, गणपूर्ती, सूचक-अनुमोदकांची नावे, मतांची संख्या आणि ठरावाचे नेमके शब्द यांबाबत तिचे नियम आधी वाचा, कारण तिथे माझ्या सवयींना काही किंमत नाही. मी पुढे जे सांगते ते दहाबारा जणांच्या, मतदान क्वचितच होणाऱ्या, बोलत बोलत निर्णय घेणाऱ्या समितीला धरून आहे. तुमची बैठक तशीच असावी, असे तुमच्या वर्णनावरून वाटते.

अशा समितीत निर्णय एका वाक्यात सापडत नाही, आणि सगळी अडचण इथेच आहे. कोणीतरी एक गोष्ट सुचवतो, दुसरा तिला अट जोडतो, तिसरा भलत्याच विषयावर जातो, वीस मिनिटांनी चौथ्याला काहीतरी आठवते आणि अट बदलते. शेवटी अध्यक्ष ‘बरं, मग तसं करा’ म्हणतात. त्यांच्या या ‘तसं’मध्ये काय काय सामावले आहे, ते त्या वाक्यात कुठेच नसते. म्हणून ‘ठरलं’, ‘फायनल’, ‘करू या’ असे शब्द ट्रान्सक्रिप्टमध्ये शोधून निर्णय वेचण्याची युक्ती अर्धवटच चालते. त्या शब्दांपाशी थांबावे हे खरे, पण निर्णयाचा मजकूर त्यांच्या आगेमागे शोधावा लागतो.

मी वाचायला बसण्यापूर्वी तीन कागद शेजारी ठेवते : विषयपत्रिका, उपस्थितांची यादी आणि मागच्या बैठकीत नेमून दिलेल्या कामांची यादी. तिसरा कागद बहुतेकांकडून राहतो. ‘ते झालं का हो?’ ‘झालं झालं’ असे दोन ओळींचे बोलणे त्या यादीशिवाय गप्पांसारखे दिसते आणि कापले जाते. प्रत्यक्षात ती एका कामाच्या पूर्ततेची नोंद असते.

पहिल्या वाचनात मी इतिवृत्ताचे एक वाक्यही लिहीत नाही. समासात फक्त खुणा करते : निर्णयासाठी ‘नि’, नेमून दिलेल्या कामासाठी ‘का’, पुढे ढकललेल्या गोष्टीसाठी ‘पु’ आणि समितीला नुसत्या कळवलेल्या माहितीसाठी ‘मा’. प्रत्येक खुणेशेजारी विषयाचा क्रमांक आणि रेकॉर्डिंगमधली वेळ लिहिते. जिथे शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह टाकून पुढे जाते, कारण त्या शंकेचे उत्तर पुढच्या पानावर असण्याची शक्यता मोठी असते. वाचून झाल्यावर एकेका विषयाच्या सगळ्या खुणा एकत्र लावते आणि त्या विषयाचा मजकूर शेवटाकडून सुरुवातीकडे वाचते. उलटे वाचण्याचे कारण साधे आहे. शेवटचे वैध रूप आधी हाती आले की त्यापूर्वीची रूपे आपोआप चर्चा ठरतात. सुरुवातीपासून वाचत गेलात, तर पहिल्यांदा भेटलेला आकडा डोक्यात बसतो आणि पुढे झालेली दुरुस्ती किरकोळ वाटू लागते.

हे एका उदाहरणावर करून दाखवते. पुढचा उतारा मी रचलेला आहे, पण अशा बैठका लिहिणाऱ्याला तो ओळखीचा वाटेल. समिती एका ग्रंथालयाची आहे आणि विषय क्रमांक ३ वाचनकक्षाच्या वेळेचा आहे. मधल्या गप्पा मी गाळल्या आहेत.

[१२:१०] अध्यक्ष : चला, वाचनकक्षाच्या वेळेचं घेऊ. परीक्षा आल्यात, मुलं उशिरापर्यंत बसायला मागतायत.
[१२:३५] ग्रंथपाल : रोज विचारतात. आत्ता सातला बंद करतो आपण.
[१३:०५] कोषाध्यक्ष : वाढवा की. पण थांबणार कोण?
[१५:२०] अध्यक्ष : मग नऊपर्यंत करू या?
[१५:२५] ग्रंथपाल : नऊ जमेल. पण शिपाई सातला जातो.
[१५:५०] सदस्य क : मी थांबेन. सोमवार ते बुधवार मला जमतं.
[१६:०५] अध्यक्ष : छान. पुढचा विषय, कपाटं.
[३८:१५] कोषाध्यक्ष : अहो, ते मघाचं नऊ नको. रात्रीचा पहारेकरी साडेआठला येऊन कुलूप लावतो, मग फेरी मारतो. माणसं आत राहिली तर त्याचं सगळं अडेल.
[३८:४०] अध्यक्ष : हां, ते बरोबर. साडेआठच करा. लिहून घ्या.
[३८:५०] ग्रंथपाल : आणि गुरुवार-शुक्रवार?
[३८:५५] अध्यक्ष : ते तुम्ही बघा कोण मिळतंय, पुढच्या बैठकीआधी मला सांगा.
[५१:५५] अध्यक्ष : चला, संपलं. आभार सगळ्यांचे.
[५२:४०] सदस्य क : अहो, सोमवारचं मला नाही जमणार, विसरलोच. मंगळवार-बुधवार थांबेन.
[५२:५०] कोषाध्यक्ष : असू दे, सोमवारी मी थांबतो.

हा उतारा क्रमाने आटवला तर काय होते ते पाहा. ‘वाचनकक्ष रात्री नऊपर्यंत खुला ठेवण्याबाबत चर्चा झाली. ग्रंथपालांनी त्यास सहमती दर्शवली. सदस्य क यांनी सोमवार ते बुधवार थांबण्याची तयारी दर्शवली.’ पुढे कपाटांच्या विषयाखाली एक ओळ येते : ‘पहारेकऱ्याच्या वेळेबाबत कोषाध्यक्षांनी लक्ष वेधले.’ यातले एकही वाक्य खोटे नाही, पण वाचणारा वाचनकक्ष नऊपर्यंत उघडा ठेवील आणि सोमवारी तिथे थांबायला कोणीच नसेल.

आता शेवटाकडून वाचू. सर्वांत शेवटी ५२:४०चे बोलणे येते, पण ते ५१:५५नंतरचे, म्हणजे बैठक संपल्यानंतरचे आहे. रेकॉर्डर चालू राहिला म्हणून ते ट्रान्सक्रिप्टमध्ये आले. माझा नियम असा, की बैठक संपल्याचे जाहीर झाल्यानंतरचे कोणतेही बोलणे समितीचा निर्णय बदलू शकत नाही. तिथे कोणी ‘साडेआठ नको, आठच करा’ म्हटले असते आणि चौघांनी माना डोलावल्या असत्या, तरी मी इतिवृत्तात साडेआठच लिहिले असते आणि अध्यक्षांना वेगळे कळवले असते. परंतु इथे निर्णय बदललेला नाही, ज्यांनी स्वतःहून काम अंगावर घेतले होते त्यांनी आपापसांत वार बदलून घेतला आहे. अशा वेळी दोघांना एक ओळ पाठवून खात्री करून घ्यावी आणि नवी वाटणी लिहावी, सोबत ती बैठकीनंतर कळवलेली असल्याचे नमूद करावे. जुनी वाटणी लिहिली तर नोंद काटेकोर होईल, पण सोमवारी दाराशी कोणी नसेल.

त्याआधी ३८:४० येते आणि निर्णय इथे आहे. अध्यक्षांनी वेळ स्पष्ट शब्दांत सांगितली, लिहून घ्यायला सांगितली, बैठक चालू होती आणि कोणी हरकत घेतली नाही. त्या क्षणी विषय कपाटांचा चालू होता, याने काही बिघडत नाही. इतिवृत्तात हा मजकूर विषय ३ खालीच जातो. औपचारिक सभेत एकदा संमत झालेली गोष्ट बदलायला पुन्हा रीतसर प्रस्ताव लागू शकतो, पण अशा समितीत अध्यक्षांनी सांगणे आणि कोणी विरोध न करणे, एवढे पुरते. ३८:५५ला एक काम ग्रंथपालांना नेमून दिले आहे आणि त्याला मुदतही आहे. १५:२०ची नऊची वेळ आता निव्वळ मागे पडलेला प्रस्ताव आहे.

यातून तयार होणारी नोंद अशी :

विषय ३ : वाचनकक्षाची वेळ
निर्णय : वाचनकक्ष सायंकाळी ७ ऐवजी रात्री ८.३० पर्यंत खुला ठेवण्याचे ठरले. रात्री ९ ची वेळ विचारात घेतली होती, परंतु रात्रीचा पहारेकरी ८.३० ला इमारतीस कुलूप लावत असल्याने ती स्वीकारली नाही.
कामे : मंगळवार व बुधवारी सदस्य क आणि सोमवारी कोषाध्यक्ष वाचनकक्षात थांबतील (ही वाटणी बैठकीनंतर कळवली). गुरुवार व शुक्रवारसाठी ग्रंथपाल व्यवस्था ठरवून पुढील बैठकीपूर्वी अध्यक्षांना कळवतील.

नोंद पुरी झालेली दिसते, पण झालेली नाही. ही वेळ कोणत्या तारखेपासून लागू होणार, हे कोणीच बोललेले नाही. शनिवारचा उल्लेखही नाही. परीक्षा आहेत म्हणून वेळ वाढवली, मग परीक्षा संपल्यावर ती पुन्हा सात होणार का, हेही ठरलेले नाही. बोलताना या गोष्टी सगळ्यांनी गृहीत धरलेल्या असतात, आणि प्रत्येकाने वेगवेगळ्या गृहीत धरलेल्या असतात. नोंद कागदावर मांडली की या फटी दिसू लागतात, ट्रान्सक्रिप्ट वाचताना त्या दिसत नाहीत. इथे लिहिणाऱ्याला मोह होतो की ‘१ तारखेपासून’ असे टाकून द्यावे, कारण तेच सयुक्तिक दिसते. तो मोह आवरावा. मी नोंदीखाली चौकटी कंसात ‘अध्यक्षांकडून खात्री करणे’ असे लिहून तिन्ही प्रश्न मांडते आणि मसुदा त्यांच्याकडे धाडते. उत्तर ‘ते ठरलंच नाही’ असे आले, तर इतिवृत्तात ‘प्रारंभाची तारीख निश्चित झाली नाही, पुढील बैठकीत घेण्यात येईल’ असे स्वच्छ लिहावे. ठरले नसल्याची नोंद हीदेखील कामाची नोंद असते.

नऊची वेळ नाकारल्याचे कारण मी ठेवले, पण मुले रोज विचारतात हे ठेवले नाही. कारणमीमांसा किती ठेवावी, हा तुमच्या भीतीचा खरा विषय असावा, म्हणून इथे थोडे थांबते. चर्चेतले एखादे कारण मी तीनच प्रसंगी ठेवते. कारण हीच निर्णयाची अट असेल, म्हणजे कारण गेले तर निर्णयही जाणार असेल, तर ते ठेवते. नाकारलेला पर्याय पुन्हा कोणीतरी पुढे आणण्याची दाट शक्यता असेल, तर तो का नाकारला हे एका वाक्यात लिहिते. आणि एखाद्या सदस्याने आपला विरोध नोंदवावा असे बैठकीत सांगितले असेल, तर त्याचे म्हणणे त्याच्या नावासह लिहिते. नऊची वेळ दुसऱ्या प्रकारात बसते. सहा महिन्यांनी नवा सदस्य येऊन ‘नऊपर्यंत का नाही ठेवत?’ असे विचारणार, हे जवळपास नक्की आहे. मुलांची मागणी यांपैकी कशातच बसत नाही, सगळ्यांना ती माहीतच होती. अध्यक्षांकडून वाढीव वेळ परीक्षेपुरतीच असल्याचे उत्तर आले, तर मात्र परीक्षा ही अट होईल आणि नोंदीत येईल.

या कसोटीवर पाहिले तर कोण काय म्हणाले यातला बहुतेक भाग गळून पडतो. सदस्यांना आपले नाव इतिवृत्तात दिसावेसे वाटते हे मला ठाऊक आहे, आणि त्यासाठी ‘यांनी असे मत मांडले, त्यांनी तसे मत मांडले’ अशी वाक्ये वर्षानुवर्षे लिहिली जातात. त्यांचा एक तोटा लक्षात येत नाही. समितीने एकदा निर्णय घेतला की तो सर्वांचा असतो. चर्चेतली मते नावानिशी छापली, की निर्णय काही जणांचा आणि काही जणांच्या विरोधातला दिसू लागतो, मग त्या विरोधकांनी नंतर तो मनापासून मान्य केलेला का असेना. नाव दोनच ठिकाणी अटळ आहे : काम कोणाकडे आहे तिथे, आणि नोंदवायला सांगितलेल्या विरोधापाशी. सूचक-अनुमोदक लागत असतील तर तिसरे ठिकाण ते.

गप्पांबद्दल तुम्ही निर्धास्त राहा, त्या जवळपास सगळ्या जातात. मात्र जाण्याआधी त्या एकदा डोळ्यांखालून घालायला हव्यात, कारण काही गोष्टी बोलणारा मुद्दाम हलक्या स्वरात सांगतो. कपाटांच्या दरपत्रकांची चर्चा चालू असताना एखादा सदस्य हसत म्हणतो, ‘तो सुतार तर माझा मेव्हणाच आहे, घ्या की त्याचंच!’ सगळे हसतात आणि पाच मिनिटांनी त्याच सुताराचे दरपत्रक मंजूर होते. हा विनोद असला तरी तो हितसंबंधाचा उल्लेख आहे. पुढे कोणी विचारले तर समितीला ते माहीत होते का, या प्रश्नाचे उत्तर त्या एका हशात आहे. असे वाक्य मी स्वतःच्या जबाबदारीवर इतिवृत्तात घालत नाही आणि स्वतःच्या जबाबदारीवर गाळतही नाही. अध्यक्षांना वेळेसह दाखवते आणि विचारते, की हे खरे असेल तर तशी नोंद करायची का, आणि त्या सदस्याने निर्णयात भाग घेतला असे लिहायचे का.

दुसरी अशी गोष्ट म्हणजे कोणाचे तरी मधेच उठून जाणे. ‘मी निघतो हं, गाडी आहे’ हे बोलणे निव्वळ निरोपाचे वाटते. परंतु समिती नऊ जणांची, गणपूर्ती पाच जणांची आणि उपस्थिती पाच जणांची असेल, तर त्या वाक्यानंतर घेतलेला प्रत्येक निर्णय अडचणीत येतो. म्हणून येण्याजाण्याची वेळ मी उपस्थितांच्या यादीपुढे लिहून ठेवते आणि त्यानंतरच्या निर्णयांपाशी हजर माणसे मोजते. ट्रान्सक्रिप्टमध्ये गेलेल्या माणसाचा आवाज नंतर पुन्हा दिसला, तर बहुधा बोलणाऱ्याचे नाव चुकले आहे असे समजावे आणि रेकॉर्डिंग ऐकावे.

ऐकण्याबद्दल वेगळे सांगायला हवे. ट्रान्सक्रिप्ट यंत्राने केलेले असो वा माणसाने, ते पुरावा म्हणून धरू नका, पुरावा आवाज आहे. सगळे रेकॉर्डिंग पुन्हा ऐकण्याची मात्र गरज नसते. तासाभराच्या बैठकीत ‘नि’ आणि ‘का’ या खुणा विसाच्या आत असतात. प्रत्येक खुणेआधीचे व नंतरचे अर्धे मिनिट ऐकले, तर वीसएक मिनिटांत काम होते. ऐकताना मी चार गोष्टींवर लक्ष ठेवते : आकडे, तारखा, माणसांची नावे आणि नकार. ‘साडेआठ’मधला ‘साडे’ पुसट झाला की आठ उरतात. ‘दीडशे’ आणि ‘अडीचशे’ खोकल्याच्या आवाजात एकसारखे ऐकू येतात. ‘नको’, ‘नाही’, ‘नये’ हे वाक्याच्या शेवटी येतात आणि नेमक्या त्याच वेळी दुसरा बोलायला सुरुवात करतो, म्हणून ते गळण्याचा धोका सर्वांत मोठा. नकार गळला तर निर्णय उलटा होतो आणि वाक्य तरीही निर्दोष दिसते, त्यामुळे नुसत्या वाचनाने ही चूक सापडत नाही.

आवाज ऐकण्याचा आणखी एक उपयोग म्हणजे ‘बघतो’सारख्या उत्तरांचा सूर कळतो. अध्यक्षांनी ‘ते पत्र तुम्ही पाठवाल का?’ असे विचारले आणि उत्तर आले, ‘बघतो’. कागदावर हे काम स्वीकारल्यासारखे दिसते, आवाजात मात्र ते पुष्कळदा टाळणे असते. मी अशा ठिकाणी त्या व्यक्तीला विचारते आणि उत्तर येईपर्यंत काम नेमून दिले असे लिहीत नाही. शांततेचेही तसेच आहे. प्रस्तावानंतर कोणी बोलले नाही आणि अध्यक्षांनी तो पुन्हा उच्चारून पुढचा विषय घेतला, तर तो मान्य झाला असे मी धरते. प्रस्तावानंतर कोणी बोलले नाही आणि चर्चाच भलतीकडे वळली, तर ती केवळ सूचना होती आणि बहुधा ती इतिवृत्तात येतही नाही.

आता प्रत्यक्ष लेखन. समासातल्या खुणांवरून विषयवार तक्ता झाला की ट्रान्सक्रिप्ट बंद करा आणि फक्त तक्त्यावरून लिहा. ते उघडे राहिले तर बोलीतली वाक्ये हळूच इतिवृत्तात उतरतात आणि मजकूर पुन्हा फुगतो. प्रत्येक विषयाला एक लहान शीर्षक, त्याखाली निर्णय, मग कामे, आणि लागले तरच एका वाक्याचे कारण, एवढा साचा पुरतो. लांबी बैठकीच्या तासांवर ठरू नये, निर्णयांच्या संख्येवर ठरावी. तीन तासांच्या बैठकीत चारच गोष्टी ठरल्या असतील तर इतिवृत्त एका पानाचेच होईल आणि ते तसेच असू द्यावे. तुमच्या पंचवीस पानांतून दीड ते दोन पाने निघावीत, असा माझा अंदाज आहे.

वाक्यरचनेबाबत एकच आग्रह धरते. सरकारी वळणाच्या मराठीत ‘उचित कार्यवाही करण्यात यावी’, ‘संबंधितांस कळविण्यात यावे’ अशी वाक्ये सहज सुचतात आणि ती भारदस्तही वाटतात, पण त्यांत कर्ता नसतो. पुढच्या बैठकीत प्रत्येक जण म्हणतो की मला वाटले दुसरा कोणी करणार आहे. कामाच्या प्रत्येक वाक्यात कर्ता, क्रिया आणि मुदत असलीच पाहिजे : ‘ग्रंथपाल पुढील बैठकीपूर्वी अध्यक्षांना कळवतील.’ निर्णयाचे वाक्य मात्र ‘असे ठरले’ या रूपात चालते, कारण तिथे कर्ता सगळी समिती असते. ‘सविस्तर चर्चा झाली’ हे वाक्य मी कधीच लिहीत नाही. चर्चेतून काही निघाले असेल तर तेच लिहावे, आणि काहीच निघाले नसेल तर विषय पुढे ढकलला असे लिहावे आणि कोणत्या माहितीसाठी ढकलला तेही सांगावे.

मसुदा बैठकीनंतर दोन दिवसांच्या आत अध्यक्षांकडे गेला पाहिजे. प्रश्न विचारायचे असतात आणि आठवडा उलटला की लोकांच्या आठवणी त्यांच्या सोयीच्या होतात. अध्यक्षांनी पाहिल्यावर तो सर्व सदस्यांना पाठवावा. दुरुस्त्या येतील आणि त्या दोन प्रकारच्या असतील. ‘मी असे म्हणालो नव्हतो’ ही तक्रार आली तर नोंद वेळेसह तपासा. चूक निघाली तर दुरुस्त करा, पण तत्पूर्वी त्या माणसाचे म्हणणे इतिवृत्तात मुळात हवेच का, हेही पाहा, कारण पुष्कळदा ते वाक्य काढून टाकणे हीच योग्य दुरुस्ती असते. दुसऱ्या प्रकारात सदस्य म्हणतो, ‘मला असे म्हणायचे होते’. ते इतिवृत्तात बसत नाही. बैठकीनंतर सुचलेला विचार कितीही चांगला असला तरी तो पुढच्या विषयपत्रिकेत जातो आणि मी तसे त्या सदस्याला कळवते, शक्यतो त्याच दिवशी.

पुढच्या बैठकीत इतिवृत्त कायम झाले, की त्यानंतर अधिकृत नोंद तीच असते. रेकॉर्डिंग आणि ट्रान्सक्रिप्ट किती काळ ठेवायचे याचा नियम समितीने एकदा करून घ्यावा. इतिवृत्त कायम होण्याआधी ती पुसू नयेत, आणि एखाद्या निर्णयावर वाद चालू असेल तर तो मिटेपर्यंत ठेवावीत. नियम नसला तर ती वर्षानुवर्षे कुठल्या तरी संगणकावर पडून राहतात, आणि मेव्हण्याचा विनोद एक दिवस भलत्याच माणसाच्या हाती लागतो.